सड्यावरची सरळ रेघ

मंडणगडच्या बाजारात टेलरची दुकानं चार, पण नुसतं ‘मास्तर’ म्हटलं की माणसं हरिश्चंद्र मास्तरांकडेच बोट दाखवायची. शिलाई चोख, बोलणं गोड आणि वेळेच्या बाबतीत सगळ्या टेलरांचं असतं तेच. उद्या म्हणजे परवा. पण मास्तरांचा एक नाद मात्र दुसऱ्या कुणात नव्हता. लोंबता धागा त्यांना बघवत नसे. लग्नाच्या मांडवात नवरदेवाच्या कॉलरला धागा दिसला, तर अक्षता टाकायला गेलेले मास्तर आधी धागा तोडत आणि मग आशीर्वाद देत. एका स्वातंत्र्यदिनाला सरपंचांच्या बाहीतून बोटभर दोरा बाहेर आला होता. राष्ट्रगीत चालू असेपर्यंत मास्तर ताठ उभे राहिले, डोळे मात्र त्या दोऱ्यावरून हलले नाहीत. गीत संपलं, लोक ‘जय’ म्हणायला तोंड उघडतात तोच मास्तर खिशातली छोटी कातर काढून पुढे. सरपंच दोन पावलं मागे सरकले. त्यांना वाटलं, विरोधी पक्षाचं काही असावं.

सत्तरी उलटली तसा सुईत दोरा ओवताना हात चुकायला लागला. मास्तरांनी मशीन स्वरूपच्या हवाली केलं. स्वरूप त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं उमेदवारीच्या काळात एकदा एका कोटाच्या मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात त्या भोकाची, गोलाई कापड वाया जातंय म्हणून सरळ कापून टाकली होती. नवरदेवाला हात वर करता येईना, हार घालायच्या वेळी नवरीलाच वाकावं लागलं. ती गोष्ट मास्तर भेटेल त्याला सांगत. स्वरूपला आता दोन मुलं आहेत, तरी सांगत.

दुकान सुटलं आणि मास्तरांचे हात रिकामे झाले. दिवसभर ते घरात फिरून पडद्यांचे धागे कापत. उमाकाकी, म्हणजे त्यांची बायको, एक दिवस म्हणाली की आता साडी नेसून तुमच्यासमोरून जायची सोय राहिली नाही. डॉक्टरांनीही सांगितलं होतं, चालत जा. मग त्यांच्या लेकीची लेक सावनी त्यांना रविवार मंडळात घेऊन गेली. सावनी दापोलीला कॉलेजात होती. रविवार मंडळ म्हणजे डोंगरांतून हिंडणारी वीस-पंचवीस माणसं. शिक्षक, बँकेतले, एक दाताचा डॉक्टर, आणि अपूर्व नावाचा कॉलेजातला प्राध्यापक सगळ्यांचा पुढारी. गावोगावच्या जुन्या पायवाटा आता कुणी चालत नाही, गवत-रान माजून त्या बुजत चालल्या आहेत. मंडळ त्या वाटा चालून फोनमध्ये नोंदवून ठेवी, म्हणजे पुढच्याला सापडाव्यात.

सावनीनं आजोबांच्या फोनात ते ॲप घालून दिलं. निघताना हे बटण, पोचल्यावर हे बटण, एवढंच. फोन खिशात ठेवायचा. तो दर काही सेकंदांनी आभाळातल्या उपग्रहांना विचारतो, मी कुठे आहे, आणि उत्तर येईल तो एकेक ठिपका वेळेसकट लिहून ठेवतो. ठिपक्याला ठिपका जोडला की वाट झाली. तिथे मोबाईलची रेंज नसली तरी चालतं. मास्तरांना ते फार आवडलं. ते म्हणाले, हे तर टाके घालणं झालं.

पहिल्याच खेपेला त्यांनी टाके घातले ते घालतच राहिले. डोंगर उतरल्यावर बटण दाबायचं विसरले, एसटीत बसले आणि घरी आले. रात्री उमाकाकीनं आकडा बघितला आणि नवऱ्याच्या पायांना तेल चोळायला बसली, एवढे चाललात म्हणून. मास्तरांनीही चोळून घेतलं. दुसऱ्या दिवशी अपूर्वनं फाईल उघडली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, मास्तर ताशी चाळीसच्या वेगानं चालतात आणि स्टँडवर थांबून वडा खातात. मंडळ आठवडाभर हसलं.

त्यावर सावनीनं त्यांना फाईल साफ करायला शिकवलं, आणि मास्तरांना दुसरा जन्म मिळाला. कारण चालून आणलेली कच्ची रेघ म्हणजे कारागिराच्या हातून नुकताच सुटलेला सदरा. दोन्ही टोकांना फालतू दोरे, निघण्याआधी अंगणात मारलेल्या येरझाऱ्या आणि नंतरची एसटी. दाट झाडीत किंवा पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, घळीत उपग्रह नीट दिसत नाहीत, तिथे रेघ नशा केल्यासारखी हेलपाटते. जिथे चहाला बसलात तिथे फोन थोडा इकडे थोडा तिकडे असं दाखवत राहतो आणि ठिपक्यांचा गुंता होतो. मधेच एखादा ठिपका उडी मारून खाडीत जातो आणि परत येतो. बॅटरी वाचवायच्या नादात फोननं ॲप झोपवलं, तर दोन ठिपक्यांमध्ये लांबलचक सरळ धागाच. मास्तर लेकीनं दिलेल्या जुन्या लॅपटॉपसमोर चष्मा कपाळावर चढवून बसत, पडद्यावरची वाट हवी तेवढी मोठी करत, आणि एकेक धागा कापत. सुईचं भोक असं मोठं करता आलं असतं तर मी दुकान सोडलंच नसतं, असं त्यांचं म्हणणं. टोकं कापत, उड्या काढत, गुंत्याच्या जागी एकच ठिपका ठेवत. बघता बघता साऱ्या मंडळाच्या फायली त्यांच्याकडे यायला लागल्या. अपूर्व म्हणायचा, मास्तरांच्या हाताखालून गेलेली वाट इस्त्री केल्यासारखी दिसते.

शिरसवाडीची वाट मास्तरांनी स्वतः नोंदवली, शिमगा होऊन गेल्यावर, भर उन्हाळ्यात. बरोबर शिवा. शिवा म्हणजे त्यांचा शाळेपासूनचा दोस्त, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता. शिरसवाडीतून झाडीतनं चढायचं, पऱ्या ओलांडायचा, की वर सडा लागतो. मैलभर काळा-तांबडा कातळ, झाड औषधाला नाही. सडा ओलांडला की पलीकडे धामणवाडीचं देऊळ. जुन्या काळी माहेरवाशिणी याच वाटेनं यायच्या-जायच्या. दोघे डोक्याला पंचे गुंडाळून चालले होते आणि मास्तर कोटाच्या मुंढ्याची गोष्ट सांगत होते. शिवानं ती शंभरदा ऐकली होती, पण उन्हात कुणीतरी बोलत असलं की पाय उचलतात म्हणून तो हुं हुं करत होता. देवळापर्यंत पोचले, बटण बंद केलं. यावेळी मास्तर विसरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी घरी त्यांनी फाईल उघडली. मागे उपग्रहातून काढलेलं फोटोचं चित्र असतं, त्यावर आपली रेघ पडते. झाडीतलं हेलपाटणं त्यांनी निस्तरलं, पऱ्याजवळचा चहाचा गुंता काढला. वर सड्यावर आले. चित्रात सड्यावरून जुनी पायवाट स्वच्छ दिसत होती, पिढ्यान्‌पिढ्या पायांनी घासून कातळावर पडलेली फिकट रेघ, सुतानं आखल्यासारखी सरळ. मास्तरांची रेघ तिच्यावरून छान चालली होती, पण मध्यावर ती वाट सोडून डावीकडे गेली होती, पोटासारखा एक फुगा काढून परत वाटेवर आली होती. मास्तरांनी तो फुगा मोठा करून बघितला. तिथे वळसा घालण्याजोगं चित्रात काही नव्हतं. नुसता कातळ. त्यांना आपण वळल्याचं आठवतही नव्हतं. ते मनाशी म्हणाले, फोन भरकटला. त्यांनी फुगा कापला आणि त्याच्या जागी हातानं चारपाच ठिपके घालून रेघ जुन्या वाटेवर नेऊन बसवली. मागे सरून बघितलं. शिवण कुठे आहे ते ओळखू येत नव्हतं. उमाकाकीला बोलावून त्यांनी ती रेघ दाखवली. ती म्हणाली, चांगली आहे, आता जेवायला चला.

पावसाळा सरत आला. गणपती झाले. भाद्रपद संपता संपता सड्यावर तेरडा फुलतो, गवत कमरेच्या वर जातं, ते बघायला रविवार मंडळानं शिरसवाडीची वाट ठरवली. रत्नागिरी-चिपळूणकडचीही माणसं येणार होती. पहिल्यांदाच सावनी पुढारी होती. अपूर्वच्या पायाला प्लास्टर, त्यामुळे पुढे ती आणि तिच्या हातात फोन, फोनात आजोबांची वाट. सगळ्यांनी ती फाईल आपापल्या फोनात उतरवून घेतली होती. शनिवारी दुपारी मंडळी शिरसवाडीला मुक्कामाला गेली, रविवारी उजाडताना चढायचं होतं. मास्तरांचा गुडघा त्या आठवड्यात धरला होता म्हणून ते घरी राहिले. पण तब्येत खूष. नात पुढे चालणार आणि ती आपल्या हातच्या रेघेवरून.

शनिवारी तिन्हीसांजेला एक जोरदार सर पडून गेली. ती थांबल्यावर शिवा आला. चहा झाला. शिवानं शिरसवाडीचा विषय काढला आणि बोलता बोलता म्हणाला की पोरांना वर दगड टाकायला मजा येईल.

“कसला दगड?” मास्तर म्हणाले.

“अरे खाणीत रे. तुझ्या त्या कोटाच्या गोष्टीत मी मधेच दगड टाकला नाय काय? केवढा आवाज झाला. तू म्हणालास, शिवा, लक्ष दे, नवरी वाकते आता.”

मास्तरांनी कप खाली ठेवला. चिरेखाण. आठवलं असं नव्हे, पण शिवा सांगत होता तसं एकेक जागचं उभं राहायला लागलं. घर बांधायला जांभ्याचे चिरे कापून काढतात, ती खाण. खाली खाली कापत जातात म्हणून चारही बाजूंनी भिंतीसारखी सरळ, दोन पुरुष खोल. काम थांबलं की तशीच टाकून देतात, वर ना कुंपण ना काही. पावसाळ्यात ती काठोकाठ भरते, पाण्यावर हिरवी साय धरते, आणि काठापर्यंत गवत आलं की कुठे सडा संपला आणि कुठे पाणी लागलं ते माणसाला कळत नाही.

मास्तर उठले आणि लॅपटॉप उघडला. आपली साफ केलेली फाईल काढली. मागच्या चित्रात सड्यावर खाण नव्हती. चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात चित्र काढल्याचं वर्ष होतं, ते त्यांनी तोपर्यंत कधी वाचलंच नव्हतं. चित्र जुनं होतं. खाण त्यानंतर पडली होती, आणि ती पडली होती ती बरोबर जुन्या वाटेवर, कारण जी वाट कुणी चालत नाही ती खणताना कुणी अडवत नाही.

नशीब एवढंच की मास्तरांना चिंध्या टाकायची सवय नव्हती. दुकानात त्यांच्या कापड कापायच्या टेबलाखाली चाळीस वर्षांच्या चिंध्यांचं गाठोडं असे. तशी कच्ची फाईलही त्यांनी ठेवली होती. ती उघडून त्यांनी तो फुगा पुन्हा मोठा केला, आणि आता कारागिराच्या नजरेनं बघितला. फोन जेव्हा भरकटतो तेव्हा ठिपके एकमेकांत कोंबलेले असतात, पुढेमागे उड्या मारतात. वेळ जातो पण माणूस पुढे सरकत नाही. इथे तसं काहीच नव्हतं. एकामागून एक ठिपका, सारख्या अंतरानं, चालत्या माणसाच्या वेगानं, गोल वळत गेलेला. कापलेल्या मुंढ्याची गोलाई असते तसा. आणि भरकटायचं कारण तरी काय होतं? झाडीत फोन भरकटतो, घळीत भरकटतो. उघड्या सड्यावर, सगळं आभाळ डोक्यावर असताना त्यानं खोटं कशाला बोलावं?

मग त्यांनी शेजारी आपली साफ फाईल लावली. एकेका ठिपक्यावर बोट ठेवलं की त्याची वेळ दिसते. झाडीतल्या ठिपक्यांवर वेळ होती, देवळाजवळच्या ठिपक्यांवर होती. सड्याच्या मधल्या त्या चारपाच ठिपक्यांवर वेळेची जागा रिकामी. साहजिकच होतं. ते ठिपके कुणी चाललेलेच नव्हते. ते मास्तरांनी बसल्या जागी घातले होते.

“उमा,” ते म्हणाले, “सावनीला फोन लाव.”

फोन लागला नाही. शिरसवाडीच्या खोऱ्यात रेंज येत नाही, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं तरी पुन्हा पुन्हा लावून बघितलं. मास्तरांनी निरोप लिहून पाठवला, त्यापुढे एकच खूण उमटून राहिली. अपूर्वला फोन केला, तर त्याच्याकडेही तिथे पोचायचा दुसरा मार्ग नव्हता. उमाकाकीनं रिक्षावाल्याला बोलावून घेतलं. तो म्हणाला, शिरसवाडीच्या फरशी पुलावरून पाणी चाललंय, आता कुणी पलीकडे जाणार नाही, आणि सकाळी उतरेल तोवर तुमची माणसं डोंगरात गेलेली असतील.  मग शिवा म्हणाला की खाणीला ट्रक जायचे ते डांबरी रस्त्याच्या बाजूनं, तिकडून फरशी लागत नाही. मोतीबिंदू काढल्यापासून मला अंधारात स्कूटर चालवता येत नाही, पण फटफटलं की निघू. त्यांना चढायला दोन तास तरी लागतील. आपण आधी पोचतो.

त्या संध्याकाळी मास्तर जेवले नाहीत आणि बोललेही नाहीत. उमाकाकीला नवऱ्याच्या बोलण्याची इतकी सवय होती की तिला घर परकं वाटलं. तिनं एकदाच विचारलं, “एवढं वाकडं होतं काय ते, की कापावंसं वाटलं?” मास्तर म्हणाले, वाकडं नव्हतं, मला वाकडं दिसलं. मग म्हणाले की स्वरूपची गोष्ट मी चाळीस जणांना तरी सांगितली असेल.

दिशा उजळल्या तशी स्कूटर निघाली. डांबरी सोडून खाणीचा कच्चा रस्ता लागला, तो पावसानं पार धुऊन गेला होता. पुढे पुढे चाक चिखलात रुतायला लागलं तेव्हा स्कूटर करवंदीच्या जाळीला टेकून दोघे चालत निघाले. वर गेले तर सड्यावर धुकं. असं की शिवाची पाठ मास्तरांना दिसत होती आणि शिवाचं डोकं दिसत नव्हतं. तेरडा फुलला होता म्हणतात, पण पायाशी येईपर्यंत तो गुलाबी आहे हे कळत नव्हतं. शिवा काठीनं पुढची जमीन ठोकत चालला. कातळावर काठी टणक वाजायची. एका जागी ती वाजलीच नाही, गवतातून खाली गेली आणि ओली होऊन वर आली.

खाण सापडली. पण खाण चांगली शेतभर लांब, आणि माणसं तिच्या कुठल्या बाजूला येणार? मास्तरांनी खिशातून फोन काढला. फोनात आपली साफ रेघ उघडली. तिच्यावर निळा ठिपका होता, तो म्हणजे ते स्वतः. काठाकाठानं पाय चाचपत ते चालत गेले, ठिपका रेघेकडे सरकत गेला, आणि जिथे रेघ शिरसवाडीकडून येऊन पाण्यात शिरत होती तिथे तिच्यावर बरोबर बसला. मास्तर काठापासून थोडे पुढे सरले, पाण्याकडे पाठ केली आणि उभे राहिले. फोनात दहा-पंधरा पावलांचा फरक असू शकतो हे त्यांना माहीत होतं, म्हणून शिवा काही अंतरावर डाव्या हाताला उभा राहिला.

थांबायचं म्हटलं की माणसाला सुचतं ते आठवणींचं. मास्तरांना आठवलं, सावनी लहान असताना दुकानात येऊन टेबलाखाली बसायची आणि चिंध्यांच्या बाहुल्या करायची. ती प्रत्येक बाहुलीला लोंबते धागे ठेवायची. मास्तर कातर घेऊन यायचे, ती बाहुली पोटाशी धरायची. म्हणायची, ते तिचे केस आहेत. त्यांनी एकदा तिचा डोळा चुकवून सगळ्या बाहुल्यांचे केस कापले होते. केवढी रडली होती. ते त्यांना त्या वेळी हसण्यावारी न्यावंसं वाटलं होतं.

मग खालून आवाज आले. हसणं, कुणाची तरी शिट्टी, कुणीतरी गाणं म्हणत होतं. शिवानं तोंडाला हात लावून कुकारा घातला. कोकणात रानात माणूस माणसाला असंच हाकारतो. पण धुक्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही. खालच्यांना वाटलं, पुढे आणखी कुणी हौशी मंडळी आहेत, आणि तिकडूनही मोठ्या उत्साहानं कुकारे यायला लागले. पावलं भराभर वाजू लागली. मास्तरांनी ‘थांबा’ म्हणून हाक मारली. तिलाही उत्तर म्हणून कुकाराच आला.

आणि मग गवतातून आकृती उमटली. पुढे सावनी. मान खाली, हातात फोन, अंगठा पडद्यावर. तिच्या मागे रांगेनं बाकीचे. ती डावीकडे झुकत नव्हती, उजवीकडे झुकत नव्हती. सरळ येत होती, सुतावरून यावं तशी. आयुष्यात मास्तरांनी केलेल्या कामाची इतकी चोख पावती त्यांना कधी मिळाली नव्हती. ती येऊन त्यांच्या पसरलेल्या हातांवरच थडकली.

“आबा?” ती म्हणाली. “तू इथे कसा? तुझा गुडघा दुखतोय ना?”

मास्तरांनी हात तसेच पसरून धरले.  शिवानं पुढे होऊन चिऱ्याचा एक तुकडा उचलला आणि मास्तरांच्या पाठीमागे फेकला. आवाज झाला. बुडबुडे आले ते सगळ्यांना ऐकू आले.  रत्नागिरीहून आलेल्या एका बाईंनी आपल्या नवऱ्याचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

“फाईल माझी चुकली,” मास्तर म्हणाले. “आम्ही इथून चाललोच नव्हतो. वळसा घालून गेलो होतो. मला वाटलं फोन चुकला. म्हणून मी सरळ केलं.”

कुणीतरी म्हणालं, असू द्या मास्तर, आम्हाला दिसलंच असतं. बोलणाऱ्यानं ते चांगुलपणानं म्हटलं होतं. सावनीनं त्याच्याकडे बघितलं नाही. ती काठाशी उकिडवी बसली, हातातली काठी गवतातून खाली घातली, आणि ती कुठवर जाते ते बघत राहिली. तळ लागला नाही. तिचा चेहरा मास्तरांना दिसत नव्हता. त्यांना वाटत होतं की तिनं रागवावं, निदान काहीतरी बोलावं. तिनं काठी वर काढली, तिला लागलेली हिरवी साय गवताला पुसली आणि उठली.

“आबा,” ती म्हणाली, “तू पुढे हो. मी नवीन रेकॉर्डिंग चालू करते. शिवाआजोबा, आबांना गोष्ट सांगू देऊ नका.”

शिवा म्हणाला, आज तो सांगणार नाय गो. आणि खरंच, मास्तर सगळा वळसा मुकाट चालले. काठीनं जमीन ठोकत, लंगडत. त्यांच्या मागे सावनी, तिच्या हातात फोन, पण आता तिची नजर आजोबांच्या टाचांवर होती. खाण जिथे संपली तिथे माणसांनी जांभ्याचे तुकडे गोळा करून कमरेएवढा ढीग रचला, पलीकडच्या टोकालाही रचला. खाणीवर कुंपण हवं असं पत्र पंचायतीला द्यायचं ठरलं. ते मंडळानं पुढे दिलं, कुंपण व्हायचं तेव्हा होईल. ढीग रचून होईतो धुकं वितळलं होतं आणि सडा गुलाबी दिसायला लागला होता. पाण्यावरची हिरवी साय उन्हात इतकी साजरी दिसत होती की त्या रत्नागिरीच्या बाईंनी तिचाही फोटो काढला.

देवळात प्रसाद खाऊन सगळी खाली उतरली. मास्तरांनी त्याच दिवशी अपूर्वला सांगून जुनी फाईल काढून टाकायला लावली, आणि ज्यांनी ज्यांनी ती उतरवून घेतली होती त्या प्रत्येकाला स्वतः फोन केला. नुसता निरोप पाठवणं त्यांना पटेना. मंडळातली माणसं म्हणत, मास्तर, झालं ते झालं. मास्तर हो म्हणत आणि पुढचा नंबर लावत. एकानं फोन उचलला नाही, तो मुंबईला होता. त्याला ते दिवाळीपर्यंत फोन करत होते.

चार दिवसांनी सावनीची नवीन फाईल आली. मास्तर लॅपटॉपसमोर बसले, चष्मा कपाळावर चढवला. सुरुवातीचं काठाजवळचं उभं राहणं होतं, त्याचा गुंता झाला होता. तो त्यांनी काढला. पुढे वळसा. तो काही गोल नव्हता. एके ठिकाणी मास्तरांचा गुडघा अडला होता म्हणून सगळी रांग थबकली होती, तिथे कोपरा झाला होता. एके ठिकाणी शिवाला गवतात काहीतरी हललंसं वाटलं म्हणून त्यानं सगळ्यांना आणखी लांबून नेलं होतं, तिथे एक दुसरा फुगा. मागे चित्र होतं तेच, जुनं, त्यात तीच सुतासारखी सरळ वाट. मास्तरांनी प्रत्येक ठिपक्यावर बोट ठेवून वेळ बघितली. सगळ्यांवर वेळ होती. मग वळशाच्या तोंडाशी त्यांनी एक खुणेचा ठिपका ठेवला आणि त्याच्यापुढे लिहिलं: खाण, पाणी खोल, फोन खिशात ठेवा आणि समोर बघा.

उमाकाकी चहा घेऊन आली. खांद्यावरून वाकून तिनं पडद्याकडे बघितलं.

“हे असंच ठेवणार? एवढं वेडंवाकडं?”

“असंच,” मास्तर म्हणाले. “तिथून माणसं चालली आहेत.”

तिनं कप त्यांच्या हातात दिला. तिच्या पदराच्या काठाला बोटभर धागा लोंबत होता. मास्तरांनी तो बघितला. त्यांचा हात कातरीकडे गेलासुद्धा, पण आधी त्यांनी धागा चिमटीत धरून तो कुठून आला आहे ते नीट निरखून पाहिलं.